विषय: ऑर्डर ४७१८-२२०६, कॅमेऱ्याचा सेन्सर खराब आणि बॉक्समधलं सामान कमी, रिप्लेसमेंट हवं

नमस्कार,

शनिवारी दुपारी तुमच्याकडून मागवलेला मिररलेस कॅमेरा किट लेन्ससकट कोल्हापूरला राजारामपुरीतल्या पत्त्यावर मिळाला. ६८,९९० रुपये भरलेत आणि त्याचा ईएमआय पुढच्या महिन्यापासून सुरू होतोय. कॅमेरा वापरण्यासारखा नाही, म्हणून हा मेल.

मेन प्रॉब्लेम सेन्सरचा आहे. प्रत्येक फोटोत उजव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक गुलाबी उभी रेष येते, एकाच जागी, फोटोतही आणि व्हिडिओतही. आधी वाटलं लेन्सचं काहीतरी असेल म्हणून मित्राची लेन्स लावून बघितली, कार्ड बदललं, बॅटरी काढून परत घातली, कॅमेरा फॅक्टरी रिसेट केला, मेनूतलं सेन्सर क्लीनिंग चालवलं, तरी रेष जागची हलत नाही. धूळ असती तर एफ १६ ला डाग ठळक झाला असता आणि अ‍ॅपर्चर उघडल्यावर पुसट झाला असता, ही रेष दोन्हीकडे सारखीच दिसते. शेवटी लेन्सवर टोपी लावून आयएसओ १०० आणि शटर १/६० ला पूर्ण काळा फोटो काढला, त्यातही रेष आहेच आणि तिच्या आजूबाजूला लाल-निळे ठिपके पण आहेत. लांब एक्सपोजरला चार-दोन हॉट पिक्सेल कुठल्याही कॅमेऱ्यात येतात, त्यासाठी मी तक्रार केलीच नसती. पण इतक्या फास्ट शटरला पिक्सेलची अख्खी उभी ओळ गेलेली दिसतेय म्हणजे दोष सेन्सरमध्येच आहे, हे तुमच्या टेक्निकल माणसालाही रॉ फाइल उघडल्या उघडल्या कळेल.

दुसरं म्हणजे सामान. बॉक्सवरच्या यादीत चार्जर, गळ्यात घालायचा पट्टा आणि बॉडी कॅप लिहिलंय, आत यातलं काहीच नव्हतं. बॅटरी होती पण प्लास्टिकच्या पिशवीशिवाय, तशीच सुटी. वरून कुरिअरचं पॅकिंग ठीक होतं, पण आतल्या कंपनीच्या बॉक्सचं सील कापून त्यावर परत साधी टेप मारलेली होती, व्हिडिओत ते स्पष्ट दिसतंय. आणि एक गोष्ट मला जास्त खटकली, नवं कोरं कार्ड घालून पहिला फोटो काढला तर फाइल नंबर ०३१३ आला, म्हणजे हा पीस आधी कुणीतरी वापरून परत केलेला असावा असं मला वाटतं. मी कुणावर आरोप करत नाही, पण नव्याचे पैसे घेऊन असा पीस घरी येणं बरोबर नाही, तुमच्या गोडाऊनमध्ये काय झालं ते तुम्हीच तपासा.

तुमच्या चॅटवर विचारलं तर सांगितलं की वॉरंटी आहे, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा. ते मला मान्य नाही. बिघाड वापरून झालेला नाही, माल आला तोच खराब आला. नवीन कॅमेरा पहिल्याच आठवड्यात उघडून रिपेअर करून मी का घ्यायचा? नुसता चार्जर आणि पट्टा कुरिअरने पाठवून विषय संपवू नका, ही पण विनंती.

मला याच मॉडेलचा, कंपनीचं सील असलेला, सगळ्या अ‍ॅक्सेसरीजसकट नवीन पीस पाहिजे. खराब पीसचा पिकअप इथूनच घ्या, मी पॅक करून ठेवलाय, आणि पिकअपचा खर्च माझ्याकडून घेऊ नका. स्टॉक नसेल तर पूर्ण रक्कम परत करा आणि ईएमआय रद्द करा, पण माझी पहिली मागणी रिप्लेसमेंटचीच आहे, कारण मी फोटोग्राफीवरच घर चालवतो. तुळशीचं लग्न झालं की आमच्याकडे सीझन सुरू होतो, पन्हाळ्यावरच्या एका प्रीवेडिंगचा आणि कागलच्या लग्नाचा अ‍ॅडव्हान्स मी घेतलाय, आणि दुसरी बॉडी म्हणून हाच कॅमेरा धरला होता. लग्नात मंगळसूत्र घालतानाचा फोटो परत काढता येत नाही, त्यामुळे भाड्याची बॉडी आणायची वेळ आली तर तो भुर्दंड मलाच.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि एका महिन्यात ती सोडवायची असते, आणि खराब माल परत घ्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून हा मेल तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांनाही पाठवतोय. पोच आणि तक्रार नंबर कळवा. उत्तर आलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करणार, पण तिथपर्यंत जायची वेळ येऊ नये असंच मला वाटतं.

सोबत बिल, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ, दोन्ही लेन्सनी काढलेले फोटो, काळ्या फोटोची रॉ फाइल आणि बॉडीवरच्या व बॉक्सवरच्या सिरीयल नंबरचे फोटो जोडलेत. फोन ऑर्डरवर दिलाय त्याच नंबरवर करा, दुपारी २ नंतर केव्हाही चालेल, सकाळी शूटवर असतो.

रोहन
राजारामपुरी, कोल्हापूर