विषय : रोज संध्याकाळी इंटरनेटचा वेग घसरणे, तीन तक्रारी न सुटता बंद केल्याबाबत

मुलुंड पूर्व, मुंबई ४०००८१
१८ जुलै २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

ग्राहक क्रमांक : ७७०४१८२
आधीच्या तक्रारी : २५०६११-४३८७, २५०६२४-५११६, २५०७०७-६०२९

महोदय,

माझ्याकडे आपला १५० एमबीपीएसचा फायबर प्लॅन आहे. सहा महिन्यांचे ४,२४८ रुपये (जीएसटी धरून) मी आगाऊ भरले आहेत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून रात्री साधारण आठ ते साडेअकरा डाउनलोडचा वेग इतका पडतो की काम करणं अशक्य होतं. मी दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. ऑनलाइन वर्ग रात्री ८ ते ९.३० असतो, म्हणजे नेमका याच वेळेत. सध्या मुलं शंका कमी विचारतात आणि "सर, तुम्ही अडकलात" हेच जास्त सांगतात.

खालच्या सगळ्या चाचण्या लॅपटॉपला राउटरची केबल थेट लावून, वायफाय बंद ठेवून आणि घरातले टीव्ही-मोबाइल नेटवरून काढून घेतल्या आहेत. आकडे एमबीपीएसमध्ये, आधी डाउनलोड, मग अपलोड.

९ जून, सोमवार, रात्री ९.१० : १४.२ / १४१
१० जून, सकाळी ७.३० : १४८ / १४६
२३ जून, सोमवार, रात्री ८.४० : ११.८ / १३८
६ जुलै, रविवार, रात्री ९.३० : ६.७ / १३२ (आषाढी एकादशी, सुट्टीचा दिवस, सगळे घरी)
१० जुलै, गुरुवार, रात्री ९.०५ : ९.४ / १४०
१६ जुलै, बुधवार, सकाळी ११ : १४९ / १४७
१६ जुलै, रात्री ९.१५ : १०.१ / १३९

स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. अपलोडचा आकडा मुद्दाम दिला आहे. घरातली वायर किंवा राउटर खराब असता, तर सकाळी अकराला १४९ आलेच नसते आणि रात्री अपलोड १३९ राहिला नसता. ओएनटीवर दिसणारी सिग्नलची पातळी सकाळ-रात्र −१९ डीबीएमच्या आसपास स्थिर आहे, लाल दिवा एकदाही लागलेला नाही. १६ जुलैच्या रात्री पिंग पाहिलं, आधी माझ्या राउटरचं, मग त्यापुढच्या आपल्या गेटवेचं :

```
ping -n 100 192.168.1.1
Lost = 0 (0% loss), Average = 1ms

ping -n 100 100.64.0.1
Lost = 7 (7% loss), Average = 143ms
```

सकाळी त्याच गेटवेचं सरासरी पिंग ४ मिलिसेकंद होतं. म्हणजे अडचण माझ्या उंबऱ्याच्या बाहेर आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडेही आपलंच कनेक्शन आहे आणि त्यांनाही याच वेळी हाच त्रास होतो. मी नेटवर्कवाला नाही, पण माझा तर्क असा की या भागातल्या एका लाइनवर झेपतील त्याहून जास्त जोडण्या दिल्या आहेत. डेटा मर्यादा संपल्याचं कारण कृपया देऊ नये. जूनमध्ये आमचा वापर २१२ जीबी झाला, प्लॅनमध्ये ३,३०० आहे.

आता तक्रारींचं काय झालं ते. पहिली ११ जूनची. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तंत्रज्ञ आला, चाचणीत १४७ आले. मी म्हटलं, रात्री नऊला या. तो म्हणाला, "साहेब, माझी ड्युटी सहाला संपते. ओटीपी द्या, नाहीतर माझ्या नावावर पेंडिंग दिसेल." मी दिला. मुलगा सभ्य होता, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. २४ जूनची दुसरी तक्रार 'ग्राहक उपलब्ध नव्हता' असा एसएमएस पाठवून बंद केली. त्या दिवशी मी पूर्ण वेळ घरी होतो, ना बेल वाजली ना फोन. तिसरी ७ जुलैची. ९ तारखेला राउटर बदलून दिला आणि काम झालं म्हणून कळवलं. नव्या राउटरवरचा वेग वर १० जुलैसमोर आहे.

तेव्हा माझी मागणी अशी : चाचणी रात्री ८.३० ते १०.३० या वेळेत व्हावी, माझ्याकडे येऊन किंवा तुमच्याकडच्या लाइनचा त्या वेळचा भार पाहून. कारण काय सापडलं आणि दुरुस्ती कधी होणार, हे ईमेलवर लेखी कळवावं. सलग सात रात्री वेग नीट मिळाल्याचं मी सांगेपर्यंत तक्रार बंद करू नये. एका महिन्याचे ७०८ रुपये पुढच्या बिलात वळते करावेत. जमत नसेल तर तसं स्पष्ट सांगून उरलेल्या मुदतीचे पैसे परत द्यावेत.

या पत्राला नवा तक्रार क्रमांक द्यावा. २५ जुलैपर्यंत लेखी उत्तर आलं नाही, तर ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार मी आपल्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करीन. हे पत्र आणि सगळे स्क्रीनशॉट त्याला जोडलेले असतील.

फोन दुपारी चारपर्यंत करावा. रात्री आठनंतर मी वर्गात असतो, नेट चालू असलं तर.

आपला,
सुनील परब

सोबत : सात चाचण्यांचे आणि पिंगचे स्क्रीनशॉट, २४ जूनच्या एसएमएसचा फोटो, बिलाची प्रत