फुईच्या गुड मॉर्निंगला उत्तर

फुई, गुड मॉर्निंग. आत्ता इथे सकाळचे सव्वासहा झालेत, म्हणजे तुझ्याकडे ऑकलंडला दुपारचे पावणेएक. जेवण झालं का?

तुझा गुलाबाचा फोटो रात्री दोन वीसला आला. त्यामागे "ऊठना का रे?" आणि मग "कानबाईना व्हिडिओ उघडत नही". फोन उशाशीच असतो, त्यामुळे दादाही उठून बसले. "कोणाचा आहे? फुई बरी आहे ना?" म्हणाले. गुलाब दाखवला तेव्हा कुठे परत आडवे झाले. रागावू नकोस, पण अपरात्री फोन वाजला की आपल्याकडे पहिला विचार वाईटच येतो.

तू आमच्यापेक्षा साडेसहा तास पुढे आहेस. तू चहा घेऊन बसतेस तेव्हा अमळनेरात कुत्रीसुद्धा झोपलेली असतात. मे महिन्यात कपाशीला पाणी भरायला रात्रीची लाइट असते, तेव्हा मी विहिरीवर जागाच असतो आणि तुझ्या मेसेजची सोबत होते. आता पावसाळा आहे, झोपू दे गं!

गुड मॉर्निंग मात्र बंद करू नको. रात्री मेसेजचा आवाज बंद ठेवतो आणि उठल्यावर वाचतो. लगेच उत्तर आलं नाही म्हणून रुसायचं नाही. खरंच काही अडलं, तब्येतीचं काही असलं, तर मेसेज न करता सरळ कॉल कर. कॉलचा आवाज चालूच राहील, मग कितीही वाजलेले असोत.

फोनचं काही विचारायचं असेल तर तुझ्या दुपारी चारला लाव. इथे साडेनऊ वाजलेले असतात, गुरांचं आटोपून मी घरी असतो. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे करतात, तेव्हापासून पाचला लावायचा.

आता व्हिडिओचं. तू पाठवलेल्या स्क्रीनच्या फोटोत स्पष्ट दिसतंय, फोनमध्ये जागाच उरलेली नाही. व्हॉट्सअ‍ॅप उघड, वर उजवीकडचे तीन टिंब दाब, मग Settings, त्यात Storage and data, त्यात Manage storage. तिथे Forwarded many times असं दिसेल. ते उघडलंस की कळेल जागा कुणी खाल्ली: गुलाब, सूर्योदय, वाफाळते कप! नको ते निवडून काढून टाक. Larger than 5 MB मध्ये हात घालू नको, तिथे पिंट्याच्या बाळाचे व्हिडिओ असतील. ते आपण चारच्या कॉलवर एकेक बघून काढू.

जागा झाली की सांग, कानबाईचा व्हिडिओ परत पाठवतो. यंदा रोट कोणी थापलेत ते तूच ओळख. आईने नाहीत, एवढंच सांगतो.