पश्या, निवांत वेळ मिळेल तेव्हा वाच

पश्या, फोनवर बोलायला घेतलं की विषय क्रिकेटवर जातो, म्हणून लिहितोय. लगेच उत्तर द्यायला हवं असं काही नाही.

काका जाऊन पाच महिने झाले. तेरावं, बँकेची कागदपत्रं, सोसायटीत नाव लावणं, काकूंच्या शुगरच्या तपासण्या, ताईचं बाळंतपण, सगळं तू निभावलंस. तू मात्र एकदाही कुणाजवळ रडल्याचं मला आठवत नाही. रविवारी चहा अर्धा ठेवून उठलास, "झोपच लागत नाही रे" म्हणालास आणि लगेच हसलास. ते हसणं माझ्या डोक्यातून जात नाहीये.

एक सुचवू? एखाद्या काउन्सेलरशी बोलून बघशील का?

तुझं काही बिघडलंय असं मला अजिबात वाटत नाही. बाप गेल्यावर झोप उडणारच. पण घरात तू काकूंना जपतोस, ताईला जपतोस. माझ्याशी बोलतानाही मला काळजी वाटू नये म्हणून निम्मं गिळतोस. जिला जपावं लागणार नाही अशी एक तरी व्यक्ती तुला हवी, इतकंच.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. २०२० मध्ये नोकरी गेली तेव्हा मी तीन महिने जात होतो. पहिल्या दिवशी काय बोलायचं तेच कळेना, म्हणून घराच्या हप्त्यांबद्दलच बोलत बसलो. त्या बाईंनी मध्ये तोडलं नाही, सल्ला दिला नाही, फक्त विचारलं, "हे सगळं घरी कुणाला माहीत आहे?" मला उत्तर देता येईना. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली. पाऊण तास बसायचं आणि बोलायचं, एवढंच असतं. काउन्सेलर औषधं देत नाहीत, आणि बोललेलं बाहेर जात नाही. एखाद्याशी नाही जमलं तर दुसऱ्याकडे जायचं, त्यात वाईट वाटून घ्यायचं नाही.

डोंबिवलीहून ठाणं जवळ आहे. तिथे डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही संस्था आहे. कुठे जायचं नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. रात्री तीनला छताकडे बघत पडला असशील तेव्हाही. आणि त्या वेळी मलाही फोन कर. मी उचलेन.

वेळ ठरवायला अवघड वाटत असेल तर मी फोन लावतो. सोबत हवी असेल तर शनिवारी सुट्टी आहे मला, लोकलने येईन, बाहेर थांबेन. आत काय बोललास ते विचारणार नाही.

आत्ता नको वाटत असेल तर नको. मी मागे लागणार नाही. रविवारी साडेसातला टपरीवर आहेच.

– सच्या