कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होण्याबाबत अर्ज

दिनांक : 10 मार्च 2025

प्रति,
मा. जिल्हा कोषागार अधिकारी,
जिल्हा कोषागार कार्यालय, सातारा

अर्जदार : श्रीमती शालिनी बबन जाधव, वय 64, रा. मल्हारपेठ, ता. पाटण, जि. सातारा

विषय : पती कै. बबन रामचंद्र जाधव, सेवानिवृत्त अव्वल कारकून, तहसील कार्यालय, पाटण (पीपीओ क्र. 21708) यांच्या निधनानंतर कुटुंब निवृत्तिवेतन मिळणेबाबत.

महोदय,

माझे पती 31 मे 2012 रोजी नियत वयोमानाने सेवानिवृत्त झाले. 14 फेब्रुवारी 2025 रोजी राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पीपीओमध्ये कुटुंब निवृत्तिवेतनासाठी माझे नाव आणि आमचा संयुक्त फोटो आहे. तरी 15 फेब्रुवारी 2025 पासून मला कुटुंब निवृत्तिवेतन, त्यावरील महागाई वाढीसह, सुरू करावे ही विनंती.

फेब्रुवारीची पूर्ण पेन्शन आमच्या संयुक्त खात्यात जमा झाली आहे. त्यातली 14 तारखेनंतरची रक्कम आमची नाही. तिला आम्ही हात लावलेला नाही. ती परत भरून घ्यावी किंवा माझ्या पहिल्या देयकातून वळती करावी. पतींच्या पेन्शनमधून अंशराशीकरणाची कपात चालू होती, ती कुटुंब निवृत्तिवेतनातून होऊ नये.

एक गोष्ट मुद्दाम लिहिते. पीपीओत माझे नाव ‘शालन’ आहे, तर आधार, पॅन आणि बँकेत ‘शालिनी’. सासरी सगळे शालनच म्हणत, कार्यालयातही तेच लिहिले गेले. दोन्ही नावे माझीच असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडले आहे. एवढ्यावरून प्रकरण मागे राहू नये.

दोन्ही मुलगे व मुलगी विवाहित असून तिघेही 25 वर्षांवरील आहेत. मी पुनर्विवाह केलेला नाही. मला दुसरे कोणतेही निवृत्तिवेतन नाही. घरखर्च आणि माझी औषधे पतींच्या पेन्शनवरच चालत.

गुडघ्यांमुळे साताऱ्यापर्यंतचा एसटीचा प्रवास मला झेपत नाही. ओळख तपासणी पाटणच्या उपकोषागारात घेता आली तर फार सोय होईल. ते शक्य नसल्यास आपण सांगाल त्या दिवशी मुलासोबत साताऱ्याला हजर राहीन. काही त्रुटी आढळल्यास सर्व एकदमच कळवाव्यात.

आपली विश्वासू,
(सही) शालिनी बबन जाधव

सोबत जोडले आहे :
1. कुटुंब निवृत्तिवेतनाचा विहित नमुन्यातील भरलेला अर्ज
2. मृत्यू दाखला, ग्रामपंचायत मल्हारपेठ (मूळ प्रत)
3. पीपीओची पेन्शनरकडील मूळ प्रत. घडीवर फाटली आहे, पण क्रमांक व फोटो स्पष्ट आहेत. पोच मिळावी.
4. नावाबाबतचे प्रतिज्ञापत्र
5. माझे आधार व पॅन, पतींचे आधार (साक्षांकित प्रती)
6. माझ्या एकटीच्या नावाच्या नवीन बचत खात्याचे पासबुक, पहिले पान, आणि रद्द केलेला धनादेश
7. पासपोर्ट आकाराचे तीन फोटो, नमुना सह्या आणि ओळखचिन्हांचा तक्ता, राजपत्रित अधिकाऱ्याने साक्षांकित केलेला
8. पुनर्विवाह न केल्याचे प्रमाणपत्र व जादा रक्कम परत करण्याचे हमीपत्र