रिव्ह्यू शेरे: फोटोडायोड बोर्ड, रिव्हिजन ए, U3 चे दोन्ही स्टेज

स्किमॅटिक, लेआउट आणि तुझे स्कोपचे स्क्रीनशॉट पाहिले. ऑपअँप बदलू नकोस, MCP6022 या कामाला योग्य आहे. अडचण स्किमॅटिकवर न काढलेल्या कपॅसिटन्सची आहे, आणि दोन स्टेजमध्ये ती दोन वेगळ्या तऱ्हेने नडते आहे. तू दोन्हीकडे एकच उपाय लावून बघितला आहेस, म्हणून घोळ झाला. C5 च्या जागी 100 पिकोफॅरड लावल्यावर TP1 शांत झाला पण TP3 नाही, असं तूच नोंदवलं आहेस. त्याचा अर्थ दुसरा स्टेज पहिल्याशी संबंध नसतानाही स्वतःहून ऑसिलेट होतोय. ती नोंद या सगळ्यात सर्वांत कामाची आहे.

पहिला स्टेज (U3A, पिन 1, 2, 3)

BPW34 वर रिव्हर्स बायस नाही, म्हणजे त्याचा कपॅसिटन्स सुमारे 70 पिकोफॅरड. MCP6022 चा कॉमन-मोड आणि डिफरेन्शियल मिळून 9, ट्रॅक आणि पॅडचा 5 धर. एकूण 84 पिकोफॅरड. R4 आहे 1 मेगओहम. तेव्हा नॉईज गेन 1.9 किलोहर्ट्झपासूनच वर चढायला लागतो आणि 10 मेगाहर्ट्झ GBW च्या ऑपअँपच्या ओपन-लूप गेनला साधारण 138 किलोहर्ट्झवर भेटतो:

```
fz = 1/(2*pi*Rf*Cin)  = 1.9 kHz
fi = sqrt(GBW*fz)     = 138 kHz
```

त्या जागी एक वक्र चढता आणि दुसरा उतरता, त्यामुळे फेज मार्जिन जवळपास शून्य. R4 च्या स्वतःच्या स्ट्रे कपॅसिटन्समुळे चार-पाच अंश मिळतात, तेवढ्यावर स्टेज कसाबसा तगून आहे. TP1 वर तुला दिसलेलं 140 किलोहर्ट्झच्या आसपासचं रिंगिंग हेच.

उपाय R4 ला समांतर C5, पण 100 पिकोफॅरड नाही. त्याने बँडविड्थ 1.6 किलोहर्ट्झवर आली आणि आपल्याला 20 किलोहर्ट्झचे पल्स मोजायचे आहेत. किमान किंमत अशी निघते:

```
Cf = sqrt(Cin/(2*pi*Rf*GBW)) = 1.2 pF
```

एवढ्यावर मार्जिन 50 अंशांच्या थोडं वर राहतं. बोर्डागणिक कपॅसिटन्स बदलतो, GBW सुद्धा एका पार्टपासून दुसऱ्यापर्यंत सारखा नसतो, म्हणून 2.2 पिकोफॅरड लाव. मार्जिन 70 अंशांच्या वर जातं आणि बँडविड्थ 72 किलोहर्ट्झ उरते, ती आपल्याला पुरेशी आहे. C0G, 0603, टॉलरन्स ±0.25 पिकोफॅरड किंवा त्याहून कमी. BOM मध्ये टॉलरन्स लिहायला विसरू नकोस. इतक्या लहान किमतीला जास्त टॉलरन्सचा पार्ट आला तर सगळं गणित बिघडतं.

फोटोडायोडला रिव्हर्स बायस देऊन कपॅसिटन्स कमी करता येतो (3 व्होल्टला सुमारे 25 पिकोफॅरड), पण डार्क करंट येतो आणि तो तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. 1 मेगओहमवर दर नॅनोअँपिअरचा 1 मिलिव्होल्ट होतो. सध्या नको.

लेआउटमध्ये पिन 2 चा ट्रॅक 22 मिलिमीटर लांब आहे आणि त्याच्या खालून ग्राउंड प्लेन सलग गेलाय. फोटोडायोड, R4 आणि C5 पिन 2 ला चिकटून आण, ट्रॅक 5 मिलिमीटरच्या आत. त्या नोडखालचा ग्राउंड दोन्ही लेयरवर कापून टाक. C5 चे पॅडही लहानच ठेव.

दुसरा स्टेज (U3B, पिन 5, 6, 7)

इथे एकाच लूपमध्ये दोन पोल येऊन बसलेत. R7 आणि R8 दोन्ही 100 किलोओहम, समांतर 50 किलोओहम. पिन 6 वरच्या साधारण 10 पिकोफॅरडबरोबर पोल 318 किलोहर्ट्झवर. शिवाय ADC साठीचा C9, 10 नॅनोफॅरड, थेट पिन 7 वर. ऑपअँपचा ओपन-लूप आउटपुट रेझिस्टन्स गणितापुरता 100 ओहम धरला तर दुसरा पोल 159 किलोहर्ट्झवर. गेन 2 असताना लूप एरवी 5 मेगाहर्ट्झपर्यंत चालला असता. दोन्ही पोल त्याच्या कितीतरी आधी आल्याने फेज 180 अंशांपलीकडे जाते आणि लूप गेन अजून एकाच्या वर असतो. TP3 वर 200 किलोहर्ट्झच्या आसपास सतत ऑसिलेशन दिसतंय ते याचमुळे. वारंवारता पहिल्या स्टेजच्या रिंगिंगच्या जवळची असल्याने दोन्ही एकच वाटतात.

खात्री करायला आधी फक्त C9 उपटून बघ. ऑसिलेशन थांबेल, पण स्टेपवर 1 मेगाहर्ट्झच्या थोडं वर रिंगिंग उरेल. ते R7, R8 चं. मग हे बदल कर:

R7, R8 प्रत्येकी 10 किलोओहम, आणि आउटपुटपासून पिन 6 ला येणाऱ्या R7 ला समांतर 10 पिकोफॅरड C0G. नुसतं 10 किलोओहम केलंस तर मार्जिन 35 अंशांच्या आसपास अडकतं, म्हणून कपॅसिटर हवाच. दोन्ही रेझिस्टर सारखे असल्याने हा 10 पिकोफॅरड पिन 6 वरच्या 10 पिकोफॅरडला जवळपास खोडून काढतो.

C9 ठेव. ADC सॅम्पल घेताना चार्ज पुरवायला तो लागतोच. पण पिन 7 आणि C9 यांच्यामध्ये 100 ओहम, R10, टाक. फीडबॅक R10 च्या आधी, पिन 7 वरूनच घे. तो C9 च्या बाजूने घेतलास तर सगळा पोल पुन्हा लूपमध्ये येतो आणि R10 चा उपयोग उलटा होतो. आउटपुटला 159 किलोहर्ट्झचा फिल्टर तयार होतो, तो चालेल.

U3 चा 100 नॅनोफॅरड पिन 8 पासून 25 मिलिमीटरवर आहे. 3 मिलिमीटरच्या आत आण.

सिम्युलेशन

तुझ्या फाइलमध्ये फोटोडायोड नुसता करंट सोर्स आहे, त्यामुळे तिथे सगळं छान दिसलं. हे भर:

```
Cd  inm  0     70p
Cs  inm  0     5p
Rf  inm  out1  1Meg
Cf  inm  out1  2.2p
```

ऑपअँपचा इनपुट कपॅसिटन्स बहुतेक मॉडेलमध्ये आधीच असतो, तो वेगळा घालू नकोस. आणि `1M` लिहिलंस तर SPICE त्याला 1 मिलिओहम समजतो, `1Meg` असंच लिही. ट्रान्झिएंट नको, दोन्ही स्टेजचे लूप गेनचे बोडे प्लॉट पाठव.

बोर्डवर तपासताना

पिन 2 ला किंवा पिन 6 ला प्रोब लावू नकोस. 10X प्रोबसुद्धा दहा-पंधरा पिकोफॅरड घालतो, मग तू मोजतोयस ते वेगळंच सर्किट असतं. मोजमाप TP1 आणि TP3 वर, ग्राउंडची लांब वायर काढून स्प्रिंग टिप लावून. फोटोडायोडसमोर LED ठेव, फंक्शन जनरेटरमधून 1 किलोहर्ट्झचा चौकोनी पल्स दे आणि आउटपुटला 100 मिलिव्होल्टची स्टेप येईल इतपतच प्रकाश ठेव. स्टेप मोठी झाली की स्ल्यू रेट मध्ये येतो आणि ओव्हरशूट झाकला जातो. ओव्हरशूट 10 टक्क्यांच्या आत हवा. खोलीच्या तापमानाला आणि 60 अंशांना, पाच बोर्डांवर घे.

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर TP1, TP3 दोन्हींचे शॉट. सगळे फोल्डरमध्ये टाक. प्लॉट आले की रिव्हिजन बी चा लेआउट मी लगेच बघेन, त्याआधी गर्बर पाठवू नकोस.