सापेक्षतावाद्याला टीका करता येते का?

(मुक्ता आणि ओंकार कोल्हापुरात तत्त्वज्ञान विषयाच्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहेत. ओंकारचे गाव शिरोळ तालुक्यात आहे. पुढच्या आठवड्यातील चर्चासत्रात त्याला नैतिक सापेक्षतावादाची बाजू मांडायची असून, निबंधाचा कच्चा खर्डा मुक्ताने नुकताच वाचून संपवला आहे.)

मुक्ता: तुझा खर्डा मी दोनदा वाचला. योग्य आणि अयोग्य हे शब्द कोणत्या तरी समाजाच्या मूल्यचौकटीतच अर्थपूर्ण असतात आणि सर्व चौकटींच्या बाहेर उभे राहून निवाडा देता येईल अशी जागाच नाही, हे तू स्वच्छ मांडले आहेस. मात्र शेवटच्या पानावर हेरवाडच्या ग्रामसभेचे तू मनापासून कौतुक करतोस आणि विधवा प्रथेला अन्यायकारक म्हणतोस. हे दोन्ही एकाच निबंधात कसे बसते, ते मला कळले नाही.

ओंकार: त्यात विसंगती आहे असे मला वाटत नाही. मे २०२२ मध्ये हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा वारल्यावर बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात. हा ठराव गावानेच केला, बाहेरच्या कोणी लादला नाही, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचे अनुकरण करण्यास सांगितले. सापेक्षतावादाला हवी असलेली टीका ती हीच, समाजाने स्वतःच्या मूल्यांच्या आधारे स्वतःच्या प्रथेवर केलेली.

मुक्ता: आधी एक गोष्ट बाजूला करू, म्हणजे मी सोप्या मुद्द्यावर अडून बसले आहे असे तुला वाटणार नाही. सापेक्षतावादी माणसाने कोणावरच टीका करू नये, सर्व संस्कृतींबाबत सहिष्णू राहावे, असे पुष्कळ जण म्हणतात. बर्नार्ड विल्यम्सने १९७२ मध्ये दाखवून दिले, की हा विचार स्वतःलाच खोडून काढतो. योग्य म्हणजे अमुक समाजात योग्य, हे एकदा मान्य केले, की दुसऱ्या समाजाची निंदा करणे सर्वांसाठीच अयोग्य आहे, असे म्हणण्याची सोय उरत नाही, कारण ते वाक्य पुन्हा निरपेक्षच होते.

ओंकार: आणि हा युक्तिवाद माझ्या बाजूचा आहे, हे लोकांच्या लक्षात येत नाही. सहिष्णुता हे सापेक्षतावादाचे अटळ अनुमान नसेल, तर सापेक्षतावाद्याचे तोंड बांधलेले नाही. १९४७ मध्ये अमेरिकन मानवशास्त्रज्ञांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाला निवेदन पाठवून मूल्ये संस्कृतिसापेक्ष असतात असे बजावले. त्यामागची वसाहतवादाविषयीची सावधगिरी मला पटते. पण त्या सावधगिरीतून गप्प बसण्याचा नियम काढणे ही तार्किक चूक होती.

मुक्ता: मान्य. म्हणजे तोंड उघडण्याची परवानगी तुला आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. तोंड उघडल्यावर तू जे बोलशील त्याला टीका म्हणायचे, की केवळ तू कुठल्या बाजूला उभा आहेस याची माहिती? आमच्या घरी कारल्याची भाजी कोणाला आवडत नाही, असे मी म्हटले तर ती कारले खाणाऱ्यावरची टीका होत नाही.

ओंकार: तसे नाही. आवडीनिवडीला समोरच्याकडून उत्तर अपेक्षित नसते, टीकेला असते. आणि उत्तर मागता येते, कारण समोरच्याच्या चौकटीतच माझ्या टीकेचा आधार सापडतो. आमच्या गावात लेकीबाळींचा मान राखावा, दुःखात असलेल्याला आणखी दुखवू नये, ही मूल्ये मोठ्याने सांगितली जातात. विधवा प्रथा त्याच मूल्यांच्या विरोधात जाते. मी गावकऱ्याला एवढेच म्हणतो, की तुम्ही स्वतः जे मानता त्याच्याशी हे जुळत नाही.

मुक्ता: तुझ्या मामीच्या वेळी तू तिथे होतास ना?

ओंकार: होतो. मी नववीत होतो. मामाला उचलायच्या आधी मामीला उंबऱ्याशी बसवले. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, चैत्रात भरलेल्या. बांगड्या फोडणारी म्हातारी स्वतः कित्येक वर्षांपूर्वी विधवा झालेली होती. तिने मामीचे मनगट जमिनीला टेकवले आणि दगडाने एकेक बांगडी फोडली. काच मनगटात गेली, तर तिनेच पदराने रक्त टिपले आणि पुढची बांगडी फोडली. चार-पाच दिवसांनी मी उंबऱ्याच्या फटीत हिरव्या काचेचा तुकडा पाहिला. तो कोणीच काढला नव्हता. मीही काढला नाही.

मुक्ता: त्या म्हातारीला तू काय म्हणाला असतास? दुःखात असलेल्याला दुखवू नये हे तिलाही मान्य होते, रक्त तिनेच टिपले. पण नवऱ्यामागे बाईने सौभाग्याची लेणी ठेवू नयेत, हेही तिला तितकेच मान्य होते, आणि दोन्ही तिच्या मनात एकत्र नांदत होते. पहिले मूल्य खोल आणि दुसरे वरवरचे, असे तू ठरवतोस. तिने उलट ठरवले असते. हा निवाडा तू कोणत्या चौकटीतून करतोस?

ओंकार: ज्या मूल्यावर चौकटीतल्या अधिक गोष्टी उभ्या आहेत ते खोल, असे म्हणता येईल. दया काढून घेतली तर गावाचे निम्मे जगणे कोसळेल. बांगड्या फोडण्याची रीत काढून घेतली तर हेरवाडमध्ये काहीच कोसळले नाही.

मुक्ता: हे उत्तर चांगले आहे, पण ते तुला फार दूर नेत नाही, कारण काही प्रथांवर खरोखरच फार काही उभे असते. महाडचे उदाहरण घे. मार्च १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी घेण्याचा हक्क बजावला गेला, तेव्हा विरोधकांच्या दृष्टीने पाणी, अन्न, लग्न, देऊळ, सगळे गाव अस्पृश्यतेवर उभे होते. तुझ्या निकषाने तर अस्पृश्यता हेच खोल मूल्य ठरेल. त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी मनुस्मृतीचा खरा अर्थ दयेचा आहे असे म्हणत विरोधकांची समजूत घातली नाही. तिचे दहन झाले, आणि आपल्या भाषणात त्यांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला दिला.

ओंकार: पण फ्रान्सचा दाखला महाडच्या माणसांना कळला, भिडला, हे तू विसरतेस. याचा अर्थ मूल्यचौकटी बंद डब्यांसारख्या नसतात. समतेचा विचार बाहेरून आला असेल, कबीर-चोखोबांच्या परंपरेतूनही आला असेल; तो इथल्या माणसांचा झाला आणि त्या क्षणापासून ती टीका आतलीच झाली.

मुक्ता: अगदी बरोबर, आणि इथेच तुझी अडचण आहे. चौकटींना सीमा नसेल, महाडपासून पॅरिसपर्यंत वाटा खुल्या असतील, तर योग्य-अयोग्य हे नेमके कशाला सापेक्ष? एकाच गावात सवर्णांची एक चौकट, दलितांची दुसरी, बायकांची तिसरी. गावाची चौकट असे तू म्हणतोस, तेव्हा प्रत्यक्षात ज्यांचे म्हणणे गावात चालते त्यांची चौकट असाच अर्थ होतो. रखमाबाई आठव. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला ती तयार नव्हती. मार्च १८८७ मध्ये मुंबईच्या न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला, तेव्हा तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. तत्कालीन समाजाच्या बहुमताने ती चुकली होती. तुझ्या सिद्धान्ताने ती चुकली होती का?

ओंकार: बहुमत म्हणजे चौकट असे मी म्हणत नाही. पण प्रश्न टाळणेही बरोबर नाही. समाज हे एकक धरले, तर सुधारकाचे पहिले वाक्य नेहमी खोटे ठरते आणि तो जिंकल्यावर मागाहून खरे होते. हे मला स्वतःलाच विचित्र वाटते. म्हणून मी एकक बदलायला तयार आहे. गिल्बर्ट हार्मनने १९७५ मध्ये मांडले, की 'तू असे करायला नको होतेस' हा निवाडा ज्यांच्यामध्ये काही समान बांधिलकी, न बोललेला का होईना पण करार आहे, त्यांच्यापुरताच चालतो. रखमाबाई आणि तिला मानणारे थोडे लोक, एवढाही करार पुरेसा आहे. त्यामुळे ती चुकली नाही.

मुक्ता: ती वाचली, पण किंमत मोठी पडली. त्या कराराबाहेर जे आहेत, ज्यांना तिच्या नकाराचे काहीच वाटले नाही, त्यांना तू काय म्हणशील?

ओंकार: हार्मनने हे लपवलेले नाही. अशा माणसाला आपण वाईट म्हणू शकतो, त्याला अडवू शकतो, त्याच्याविरुद्ध कायदा करू शकतो. फक्त त्याने असे करायला नको होते, हे त्याच्याच कारणांच्या आधारे म्हणता येत नाही, कारण तसे कारण त्याच्यापाशी नाही. मला हे प्रामाणिक वाटते. ज्याच्या मनात दयेचा अंशही नाही त्याच्यापाशी दयेचे कारण आहे असे म्हटल्याने त्याचे मन बदलणार आहे का?

मुक्ता: मन बदलणार नाही, हे मला मान्य आहे. पण टीका केवळ अपराध्याला उद्देशून असते असे तू धरून चालला आहेस. जिच्यावर अन्याय झाला, तिच्याशीही टीका बोलत असते. तुझ्यावर जे झाले ते व्हायला नको होते, असे आपण तिला सांगतो. त्या वाक्याचा अर्थ आमच्या कराराप्रमाणे हे चूक, त्यांच्या कराराप्रमाणे नाही, एवढाच असेल, तर तिच्या हाती काय लागले? मामीच्या मनगटाला काच एकाच चौकटीत लागली नव्हती.

ओंकार: वेदना खरी होती, हे सापेक्षतावादही नाकारत नाही.

मुक्ता: वेदना नाही, अन्याय. इंजेक्शननेही वेदना होते.

ओंकार: हो. तो फरक मला करावाच लागेल. खर्ड्यात मी एक चूक केली आहे, ती आता दिसते. मी सगळीकडे समाज काय मानतो असे लिहिले, पण मानणे म्हणजे उघड बोललेले मानणे असेच धरले. मामी त्या दिवशी एक शब्दही बोलली नाही. तिला कोणी विचारलेच नव्हते. तिच्या मनात तेव्हा विरोध होता की नव्हता, हे मला ठाऊकच नाही, आणि तरीही तिला मी गावाच्या चौकटीत मोजून टाकले.

मुक्ता: ती आता काय म्हणते?

ओंकार: मी कधी विचारले नाही. रविवारी जाणार आहे, तेव्हा विचारीन.

मुक्ता: तिचा विरोध होता असे कळले, तर तुझा सिद्धान्त तरतो, आतली टीका पहिल्यापासून होती, फक्त बोलली गेली नव्हती, असे तू म्हणशील. पण ती म्हणाली, की जे झाले ते रीतीप्रमाणे झाले आणि योग्यच झाले, तर?

ओंकार: तर मामी, ती म्हातारी आणि त्या दिवशी ओट्यावर बसलेले सगळे एका बाजूला असतील, आणि तरीही ते चूकच होते असे मला म्हणावेसे वाटेल. नुसते माझ्यापुरते चूक नाही. ते कोणत्या आधाराने म्हणतो याचे उत्तर माझ्या निबंधात आज नाही. शेवटचे पान मी काढून ठेवतो. रविवारनंतर ते लिहीन, आणि कदाचित पहिलेही पुन्हा लिहावे लागेल.