दोन्ही बरोबर वाटतात ना? रविवारचा सराव, चार प्रश्न

मागच्या टेस्टमध्ये बहुतेकांचे मार्क एकाच जागी गेले, चारातले दोन पर्याय पटकन उडवले आणि उरलेल्या दोनात टॉस केला. म्हणून आज चारच प्रश्न देतोय, पण चारही तसलेच. आधी उत्तर वहीत लिहा, मग खालचं वाचा. पेपर हिंदीत येणार हे माहितीये, डोक्यात मात्र घरच्या भाषेत शिरू दे.

१. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते?
अ) दाब वाढल्याने पाणी जास्त तापमानाला उकळतं
ब) झाकण घट्ट असल्याने उष्णता वाया जात नाही
क) पाणी कमी लागतं
ड) भांडं जाड असतं

क, ड गेले. अ आणि ब दोन्ही खरे आहेत, इथेच गाडी अडते. आता असं करा, ब तेवढा ठेवा आणि अ काढून टाका. म्हणजे साध्या पातेल्यावर ताट ठेवून वर वरवंटा ठेवला. उष्णता बरीचशी आतच राहिली, पण डाळ कुकरसारखी शिजली का? नाही, कारण पातेल्यातलं पाणी आपल्या इंदूरला साधारण ९८ अंशांना उकळायला लागतं (आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहोत, म्हणून शंभर नाही) आणि एकदा उकळी फुटली की आच कितीही वाढवा, पाण्याची नुसती वाफ होते, ते त्याहून जास्त तापत नाही. कुकरमध्ये तेच १२० च्या आसपास जातं. ब ने गॅस वाचतो, वेळ वाचतो तो अ ने. उत्तर अ.

२. माळव्यात काळी माती का आढळते?
अ) बेसाल्ट खडकाची झीज होऊन ती बनली
ब) ती ओलावा बराच काळ धरून ठेवते
क) नर्मदेने गाळ आणून टाकला
ड) शेतकरी शेणखत घालतात

ब वर टिक करणारे निम्मे असतील, पुस्तकात काळ्या मातीपुढे तेच वाक्य ठळक छापलेलं असतं ना. वाक्य खरंच आहे, पण ते माती काय करते ते सांगतं, आली कुठून ते नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्याचा बेसाल्ट, त्याची झीज, असा तो क्रम आहे. क वाल्यांनी नकाशा उघडा भिया, नर्मदा विंध्याच्या खाली दरीतून वाहते, ती वर पठारावर गाळ कसा चढवणार? आपल्या चंबळ, क्षिप्रा तर उत्तरेला जातात. उत्तर अ.

३. उतारा: सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकानं चालतात. रात्री ती बंद झाली की त्याच ओट्यांपुढे खाण्याची दुकानं लागतात आणि उशिरापर्यंत गर्दी असते. यावरून काय निष्कर्ष निघतो?
अ) दुकानांची राखण व्हावी म्हणून सराफांनी खाणेवाल्यांना बसू दिलं
ब) एकाच जागेचा दिवसा आणि रात्री वेगवेगळा वापर होतो
क) रात्रीचा धंदा दिवसापेक्षा मोठा आहे
ड) इंदूरची माणसं रात्री घरी जेवत नाहीत

ड वर हसून घ्या. अ ची गोष्ट आपण सगळ्यांनी आजोबांकडून ऐकलीये, भुट्ट्याचा कीस खाताना दर वेळी कुणीतरी सांगतंच, आणि म्हणूनच इंदूरचा पोरगा इथे फसतो, भोपाळचा नाही फसणार. उताऱ्यात राखणीचा शब्द तरी आहे का? बोट ठेवून दाखवा. नाही ना, मग उत्तर ब, कितीही मिळमिळीत वाटलं तरी. अशा प्रश्नांत बहुतेकदा कमी बोलणारा पर्यायच बरोबर निघतो.

४. विधान: इंदूरला वर्षातून दोन दिवस भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. कारण: इंदूर पठारावर उंच वसलेलं आहे.
अ) दोन्ही खरे, कारण विधानाचं स्पष्टीकरण देतं
ब) दोन्ही खरे, पण कारण स्पष्टीकरण देत नाही
क) विधान खरं, कारण खोटं
ड) विधान खोटं, कारण खरं

दोन्ही खरे आहेत, तेव्हा भांडण अ आणि ब मध्येच. मध्ये 'कारण' हा शब्द घालून मोठ्याने वाचा, जरा खटकतंय ना? तेवढ्यावर विसंबू नका, दुसरं गाव घालून बघा. मुंबई समुद्राकाठी, तिथेही सूर्य दोनदा डोक्यावर येतो. ग्वाल्हेर समुद्रापासून दोनशे मीटर वर, तिथे कधीच येत नाही. म्हणजे उंचीचा संबंध नाही, खरं कारण कर्कवृत्त, आपण त्याच्या दक्षिणेला, ग्वाल्हेर उत्तरेला. उत्तर ब.

पहिल्या प्रश्नाला ब लिहून 'सर, पण दाब वाढतो तो झाकणामुळेच ना' असं जो म्हणणार आहे त्याला आधीच सांगतो, बरोबर आहे तुझं, पण ब मध्ये झाकणापुढे काय लिहिलंय ते परत वाच, तिथे दाब नाही, उष्णता आहे.